गौडा आतून ओलं राहतं, ते वजनामुळे की त्याआधीच?

प्रश्न: घरी दहा लिटर गायीच्या दुधाचं गौडा चीज करते. सुरीने साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करते, गॅसवर सात-आठ मिनिटांत ३७ अंशांपर्यंत तापवते आणि प्रेसमध्ये दाबते. वरून छान घट्ट दिसतं, पण महिन्याभराने कापलं की मधे ओलं आणि आंबट. वजन दुप्पट केलं तरी तेच. किती वजन ठेवायला हवं?

उत्तर:

वजन आहे तेवढं पुरेसं आहे. चीजमध्ये पाणी किती राहणार, हे बहुतांशी पातेल्यातच ठरून जातं. प्रेसचं काम दाणे एकमेकांना चिकटवायचं आणि वरची साल बंद करायचं. दाण्यांच्या मधलं सुटं व्हे, म्हणजे जमलेल्या दुधातून सुटणारं पाणी, त्याने निघतं, दाण्याच्या पोटातलं फारसं निघत नाही. तुमचं पाणी तिथेच अडकलंय, आणि त्याची दोन कारणं तुमच्या प्रश्नातच दिसतात: मोठा तुकडा आणि घाईचं तापवणं.

रेनेटने दूध जमतं तेव्हा केसिन या दुधातल्या प्रथिनाचं जाळं तयार होतं आणि पाणी, स्निग्धांश, साखर सगळं त्यात अडकतं. हे जाळं कापलं की आकसायला लागतं आणि कापलेल्या पृष्ठभागातून व्हे बाहेर पडतं. म्हणून तुकड्याचा आकार महत्त्वाचा. दोन सेंटिमीटरच्या घनाला २४ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याच घनाचे एक-एक सेंटिमीटरचे आठ केले, तर एकूण पृष्ठभाग ४८ होतो आणि मध्यापासून बाहेर यायचं अंतर निम्मं होतं. कामाम्बेर हे मऊ चीज करणारे कर्ड, म्हणजे हे जमलेलं दूध, मोठंच ठेवतात किंवा जवळजवळ न कापता डावाने साच्यात भरतात, कारण त्यांना निम्म्याच्या आसपास पाणी हवंच असतं. उलट इटलीत पार्मिजानोसाठी स्पिनो नावाच्या तारांच्या मोठ्या रवीने कर्ड तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करतात आणि ५५ अंशांच्या आसपास शिजवतात. गौडा या दोन्हींच्या मधे येतं. तुम्ही एक सेंटिमीटर धरा, त्याहून थोडं कमी झालं तरी हरकत नाही.

मात्र दाणे सारखे असायला हवेत. काही अर्धा सेंटिमीटर, काही दोन, असं झालं तर बारीक कोरडे पडतात, मोठे ओलेच राहतात आणि चीजमध्ये ओल्या जागा पडतात. सुरीने उभे-आडवे छेद सोपे असतात, खालचे थर मात्र लांबच राहतात. त्यासाठी सुरी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी छेद द्या, पाच मिनिटं अजिबात हात लावू नका, मग हलक्या हाताने तळापासून ढवळताना जे मोठे वर येतील ते कापत जा. ती पाच मिनिटं गाळू नका. ताजा छेद फार नाजूक असतो, लगेच ढवळलं की दाणे फुटतात आणि स्निग्धांश व्हेमध्ये निघून जातो. व्हे हिरवट-पिवळं आणि पारदर्शक दिसलं तर ठीक. दुधासारखं पांढरं दिसलं, तर कर्ड पुरतं जमायच्या आधी कापलंय किंवा ढवळताना हात जड पडलाय.

आता तापवणं. उष्णतेने जाळं जोरात आकसतं, म्हणून शिजवलेलं चीज कोरडं होतं. पण उष्णता दाण्याला बाहेरून लागते. भराभर तापवलं की बाहेरचा थर आधी आकसतो, त्याची घट्ट कातडी बनते आणि आतलं पाणी तिच्यामागे कोंडतं. दाणा बोटांना रबरासारखा लागतो, आपल्याला वाटतं शिजला. एक दाणा नखाने अर्धा करून बघा. आत बाहेर सारखाच दिसला तर बरोबर. मधे मऊ, जेलीसारखा दिसला तर कातडी धरली आहे. पुढे प्रेसने कितीही दाबलं तरी ते पाणी तिथेच राहतं. त्यात दुधातली साखर असते, जिवाणू तिचं आम्ल करतात आणि म्हणून ओली जागा आंबटही लागते.

गौड्याला तर गॅसवर तापवायची गरजच नाही. नेदरलँड्सची पद्धत काही व्हे काढून गरम पाणी घालण्याची आहे. त्याने कर्ड तापतं आणि साखरही पातळ होते. तुमच्या दहा लिटरचा हिशेब असा: ३१ अंशांवर कापल्यावर वीसेक मिनिटं हळू ढवळा, दाणे तळाशी बसू द्या आणि तीन लिटर व्हे काढा. उरलेल्या सात लिटरमध्ये ६० अंशांचं पाऊण लिटरभर पाणी बारीक धारेने ढवळत घाला, तापमान ३४ च्या जवळ जाईल. दहा मिनिटं ढवळा. मग तसंच आणखी एक लिटर घाला, म्हणजे ३७ होईल. पातेलं थंड असेल तर पाणी थोडं जास्त लागेल, म्हणून मापापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. साधारण पाच मिनिटांत एक अंश, याहून वेगाने चढवू नका. शेवटच्या तापमानावर आणखी वीस-तीस मिनिटं ढवळत राहा.

कोरडं हवं म्हणून ४२-४५ अंशांवर जाऊ नका. गौड्याचं विरजण मध्यम तापमानात वाढणारं असतं, ४० च्या पुढे ते मंदावतं आणि आम्लच पुरेसं होत नाही. जास्त शिजवायचं तर उष्णता सोसणारं विरजण लागतं, आणि मग ते दुसरंच चीज होतं.

केव्हा थांबायचं, हे घड्याळापेक्षा हाताने ठरवा. मूठभर कर्ड दाबा. त्याचा गोळा व्हायला हवा, आणि अंगठ्याने चोळल्यावर पुन्हा दाणे सुटे व्हायला हवेत. गोळा लगद्यासारखा चिकटून राहिला तर अजून ओलं आहे.

मग दाणे व्हेखालीच तळाशी गोळा करून पंधरा मिनिटं ताटलीने हलकं दाबा, म्हणजे मधे हवा शिरत नाही. साच्यात भरून पहिली वीस मिनिटं फक्त दोन-तीन किलो ठेवा, उलटा, तासभर पाच किलो, मग चार-पाच तास आठ-दहा. सुरुवातीलाच जड वजन दिलंत तर कडा आधी बंद होतात आणि मधलं सुटं व्हेही अडकतं. खोली गार असेल तर साच्याभोवती गरम पाण्यात पिळलेलं कापड गुंडाळा. गार झालेले दाणे नीट जुळत नाहीत.

दहा लिटर गायीच्या दुधाचं चीज प्रेसमधून निघताना एक किलोच्या आसपास भरायला हवं. सव्वा किलोच्या वर गेलं तर पाणी जास्त आहे, मग महिना थांबून कापण्याची वाट बघू नका. तेव्हा दूध कुठलं वापरता तेही तपासा. होमोजिनाइज्ड पिशवीच्या दुधाचं कर्ड मऊ जमतं आणि पाणी धरून ठेवतं, त्याला बारीक कापूनही पूर्ण फरक पडणार नाही. आणि कधी म्हशीच्या दुधावर गेलात तर उलटं करा: त्याचं कर्ड घट्ट जमतं आणि चीज कोरडं, भरभरीत व्हायची शक्यता असते, म्हणून तुकडा थोडा मोठा ठेवा आणि ३५ अंशांवरच थांबा.