वाचता न येणाऱ्या लोकांचा फोनवर बटणं दाबून सर्व्हे घ्यायचा आहे. कागदावरचे पाच पर्यायांचे प्रश्न तसेच रेकॉर्ड केले तर चालतील का? आणि एकूण किती प्रश्न ठेवावेत?

नाही चालणार. किती प्रश्न, याचं उत्तर सोपं आहे: आठ ते दहा, आणि सगळा कॉल पाच मिनिटांच्या आत. खरा घोळ त्या पाच पर्यायांत आहे. त्यावरून माझं एका सर्व्हेप्रमुखांशी इतकं वाजलं होतं, की तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

त्या कामात प्रश्नांचं रेकॉर्डिंग आणि आलेल्या उत्तरांची छाननी माझ्याकडे होती. विषय पाणीपुरवठ्याचा. कागदावर जुना प्रश्न तयार होता: गेल्या महिन्यातल्या पाणीपुरवठ्याबाबत आपण किती समाधानी आहात? खाली अत्यंत समाधानी, समाधानी, मध्यम, असमाधानी, अत्यंत असमाधानी अशा पाच चौकटी. प्रमुखांचा आग्रह असा, की आधीच्या वर्षांशी तुलना करायची आहे, तेव्हा एक शब्दही बदलायचा नाही. तसंच रेकॉर्ड झालं. 'अत्यंत समाधानी असल्यास 1 दाबा, समाधानी असल्यास 2 दाबा' असं करत पाचव्या पर्यायापर्यंत पोचायला जवळजवळ अर्धा मिनिट लागत होता.

उत्तरं आली ती 1 वर ढीग, 5 वर थोडी, आणि मधे जवळपास रिकामं. बैठकीत निष्कर्ष काय निघाला? 'निरक्षर माणसाला टोकाचंच कळतं, मधलं मोजमाप त्याच्या आवाक्यातलं नाही.' हे वाक्य मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. जी बाई हंड्यांच्या हिशोबाने घर चालवते, तिला 'थोडं कमी' आणि 'फार कमी' यातला फरक कळत नाही, हे म्हणायला धाडस लागतं.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, कॉल येत असताना काही लोकांच्या शेजारी, त्यांची परवानगी घेऊन, बसून बघितलं. फोन कानाला असतो. पहिला पर्याय ऐकू येतो, '1 दाबा' म्हटलं जातं, की माणूस फोन कानावरून काढून समोर धरतो आणि बटण शोधतो. टचस्क्रीनचा फोन असेल तर कानाला लावल्यामुळे स्क्रीन काळी झालेली असते. ती उजळेपर्यंत थांबायचं, मग आकड्यांची पाटी उघडायचं चिन्ह शोधायचं, मग दाबायचं. तेवढ्या वेळात दुसरा, तिसरा, चौथा पर्याय हवेत विरून जातो. कानाला परत लावल्यावर ऐकू येतं ते पाचव्याचं शेपूट. अशा वेळी माणूस एकतर आधी सापडलेलं 1 दाबतो, नाहीतर शेवटचं ऐकलेलं 5. मधलं तो नाकारत नव्हताच, ते त्याच्या कानावरच पडत नव्हतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न सुरू झाल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येक उत्तरासाठी काढलं. आमच्या यंत्रणेत रेकॉर्डिंग चालू असताना मधेच बटण दाबायची मुभा होती. 1 ची बहुसंख्य उत्तरं दुसरा पर्याय वाजायच्या आतच आलेली होती. यादी न ऐकता दिलेल्या उत्तराला पाच पर्यायांतली निवड म्हणता येत नाही.

प्रमुखांनी यावर उपाय काढला, की मधेच दाबायची मुभा बंद करा, म्हणजे झक मारत सगळं ऐकतील. तेही करून पाहिलं. 1 चा ढीग कमी झाला, 5 चा वाढला, आणि अर्ध्यात फोन ठेवणारे वाढले. यात नवल काही नाही. क्रॉस्निक आणि ऑल्विन या सर्व्हेच्या अभ्यासकांनी 1987 सालीच मांडलंय, की डोळ्यांसमोर असलेल्या यादीत कल पहिल्या पर्यायांकडे जातो आणि नुसत्या ऐकलेल्या यादीत तो शेवटच्यांकडे जायला हवा. कागदावर नजर मागे नेता येते, कान मागे नेता येत नाही. मधेच दाबायची मुभा दिली की पहिल्याला झुकतं माप, बंद केली की शेवटच्याला. लांब यादीचा प्रश्न कोणत्याही सेटिंगने सुटत नाही, यादीच मोडावी लागते.

मी सुचवलेली मोडणी अशी होती. पाच पर्यायांच्या एका प्रश्नाचे दोन छोटे प्रश्न करायचे. आधी दिशा विचारायची: 'गेल्या आठवड्यात घरी पाणी पुरलं का? पुरलं असेल, तर 1 दाबा. कमी पडलं असेल, तर 2 दाबा.' ज्याने 2 दाबलं त्यालाच पुढे: 'रोज कमी पडलं, की एखाद-दोन दिवस? रोज पडलं असेल, तर 1 दाबा. एखाद-दोन दिवस पडलं असेल, तर 2 दाबा.' ज्याने 1 दाबलं त्याला: 'जेमतेम पुरलं, की पुरून उरलं?' आणि त्याचेही तसेच दोन पर्याय. झाल्या की चार पायऱ्या. प्रत्येक वेळी डोक्यात दोनच गोष्टी धरायच्या. 'समाधानी' हा शब्दही गेला, कारण समाधान विचारलं की माणूस विचारणाऱ्याला बरं वाटेल असं बोलतो. पाणी पुरलं का विचारलं की हंड्यांकडे बघून बोलतो. प्रमुख म्हणाले, प्रश्न दुप्पट झाले. वेळ धरून पाहिलं तर दोन्ही मिळून जुन्या एका प्रश्नाएवढाच वेळ लागत होता.

आणि मधल्या दोन पायऱ्या भरल्या. 'एखाद-दोन दिवस' आणि 'जेमतेम' म्हणणारे लोक भरपूर निघाले. फोन त्याच वस्तीत केले होते.

तुम्ही हे करणार असाल तर एक गोष्ट मात्र सोडू नका: अर्ध्या कॉलना पर्याय उलट क्रमाने ऐकवा. कॉल लागतानाच यंत्रणेने आपोआप चिठ्ठी टाकल्यासारखा क्रम ठरवायचा, संपूर्ण कॉलभर तोच ठेवायचा आणि कोणता क्रम होता ते उत्तरासोबत नोंदवायचं. दोन पर्यायांतही 1 ची ओढ उरतेच, आणि ती मोजायचा हा एकच स्वस्त मार्ग आहे. समजा, 'पुरलं' हे 1 वर ठेवलेल्या गटात 70 टक्के लोक 'पुरलं' म्हणाले, आणि 'पुरलं' हे 2 वर ठेवलेल्या गटात 50 टक्के. चिठ्ठीने वाटलेल्या दोन मोठ्या गटांची मतं मुळात सारखीच असायला हवीत, म्हणजे 20 टक्क्यांचा फरक हा क्रमाचा आणि बटणाचा आहे. ओढ दोन्हीकडे सारखी धरली तर खरा आकडा 60 च्या आसपास. हा फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर निश्चिंत राहा. वीसचा असेल तर प्रश्न लोकांपर्यंत पोचलेला नाही, तो पुन्हा लिहा. पाच पर्यायांचा प्रश्न आम्ही उलटा करून वाजवला तेव्हा 1 वर 'अत्यंत असमाधानी' होतं, तरीही सगळ्यात जास्त उत्तरं 1 वरच आली. त्यानंतर 'टोकाचंच कळतं' हे वाक्य बैठकीत परत कुणी बोललं नाही, पण अहवालातूनही ते कुणी काढलं नाही, याचा मला आजही राग आहे.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं. नेहमी आधी पर्याय, मग आकडा. आधी 'एक दाबा' सांगितलं तर माणसाला कशासाठी ते कळायच्या आत आकडा लक्षात धरावा लागतो आणि पुष्कळदा तो तेवढ्यावरच दाबून मोकळा होतो. एका वाक्यात एकच गोष्ट विचारा. 'पाणी पुरेसं आणि स्वच्छ आहे का' याला खरं उत्तर नसतं. बटण दाबायला आठ-दहा सेकंद द्या. यंत्रणेत आधीपासून ठरलेला वेळ बऱ्याचदा याहून कमी असतो, तो सांगून वाढवून घ्या. उत्तर आलं नाही तर प्रश्न आपोआप पुन्हा वाजवा. आणि 'आपण चुकीचा पर्याय निवडला आहे' हे तयार वाक्य कृपा करून काढून टाका. शाळेत न गेलेल्या माणसाला फोनवरून 'चूक' म्हणून सांगितलं की तो फोन ठेवतो. 'परत एकदा ऐका' एवढं पुरतं.

पहिल्या खऱ्या प्रश्नाआधी सरावाचं एक बटण दाबून घ्या: 'आता 3 दाबून बघा.' त्याने माणसाला आकड्यांची पाटी उघडायला वेळ मिळतो, आणि तुम्हालाही कळतं की बटणाचा आवाज तुमच्या यंत्रणेपर्यंत पोचतोय का. प्रत्येक बटण दोन सुरांचा मिळून एक आवाज पाठवतं, आणि आवाजाचा डेटा दाबून लहान करणाऱ्या काही इंटरनेट जोडण्यांत तो बिघडतो. सरावाच्या बटणालाच फार लोक गप्प राहत असतील तर लोकांना दोष देण्याआधी तंत्रज्ञाला जोडणी तपासायला सांगा.

आता मर्यादा, कारण वरचं वाचून सगळं सुटलं असं वाटू नये. अक्षरं न येणाऱ्या पुष्कळांना आकडे येतात, पैसे मोजायला आणि नंबर लावायला ते लागतातच. पण सगळ्यांना येत नाहीत. जे फक्त आलेला फोन उचलतात किंवा यादीतला फोटो बघून फोन लावतात, ते या सर्व्हेत शांत राहतील. सरावाच्या प्रश्नाला गप्प राहिलेले नंबर वेगळे काढून त्यातल्या काहींना माणसाने फोन करून तेच प्रश्न विचारायला हवेत, नाहीतर सगळ्यात गरजू माणसंच गळतात. फोन घरात एकाचाच असेल तर उत्तर फोन बाळगणाऱ्याचं येतं, पाणी भरणारीचं नाही. आणि बटण दाबता यावं म्हणून बरेच लोक स्पीकर लावतात, तेव्हा प्रश्न घरभर ऐकू जातो. मारहाण, कर्ज, आजार असले प्रश्न या पद्धतीने विचारूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

तुलनेचा मुद्दा राहिला. फोनवर शब्द तेच ठेवल्याने प्रश्न तोच राहत नाही. जुन्या कागदी आकड्यांशी नातं जोडायचंच असेल तर एका छोट्या गटाला घरी जाऊन दोन्ही प्रकार विचारा, जुना पाच चौकटींचा आणि नवा दोन छोट्या प्रश्नांचा. अर्ध्या लोकांना जुना आधी विचारा, अर्ध्यांना नवा, आणि कोणती पायरी कोणत्या चौकटीत जाते ते त्यावरून ठरवा. सॉफ्टवेअरवाल्यांना पहिला कॉल लागण्याआधीच सांगा, की प्रत्येक उत्तरासोबत पर्यायांचा क्रम आणि बटण दाबल्याची वेळ हे दोन रकाने हवेत. सर्व्हे संपल्यावर मागितले तर ते मिळत नाहीत.