सहा मिनिटांची व्हॉइस नोट, सहा स्लाइड

अगं, विक्रेत्याने पाठवलेल्या व्हॉइस नोटवरून कॅरोसेल, म्हणजे एकेक स्लाइड सरकवत वाचायची पोस्ट, करताना नोट जशीच्या तशी टाइप करून तिचे तुकडे पाडू नकोस. सुरुवातीला सगळे हेच करतात, मग पहिल्याच स्लाइडवर “आमचा घाणा आजोबांपासून” येतं आणि वाचणारा पुढे सरकतो.

आधी न थांबता एकदा पूर्ण ऐक. दुसऱ्यांदा ऐकताना वेळ टिपून ठेव. कामाचं वाक्य बहुतेकदा शेवटी, “अन् हो” नंतर येतं. लातूरचे आमचे करडई तेलवाले काका पाच मिनिटं घराण्याचं बोलले आणि मग म्हणाले, “अन् हो, तळाला गाळ दिसला की लोकं बाटली वापस करतेत. बियाचाच असतोय तो!” तिथेच कॅरोसेल सापडला:

१. बाटलीच्या तळाला गाळ दिसतोय?
२. तो करडईच्या बियाचाच आहे.
३. लाकडी घाण्याचं तेल आम्ही फक्त निवळून भरतो.
४. बाटली हलवू नका, वरचं तेल अलगद ओता.
५. तरी शंका आहे? फोटो पाठवा.
६. ऑर्डरसाठी फोन नंबर.

एका स्लाइडवर एकच गोष्ट, पंधरा शब्दांच्या आत. त्यांचं “बियाचाच” राहू दे, ‘बीजांश’ करू नकोस. “हृदयाला चांगलं” असंही ते बोलले होते. पुरावा नव्हता, म्हणून मी गाळलं. नंबर मात्र ऐकून लिहू नकोस, लेखी मागव. माझा एकदा एक आकडा चुकला होता आणि फोन भलत्याच घरी वाजत राहिले.