सामायिक शीट भरण्याची आठवण नेमकी कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या गटाची एक सामायिक गूगल शीट आहे. दर आठवड्याला आठवण पाठवूनही काही जण ती भरत नाहीत आणि काही जण चुकीची भरतात. मेसेजमध्ये काय लिहावे?

उत्तर: तीन वर्षे अशी शीट सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आठवण कितीदा पाठवली यापेक्षा रकान्यांचा अर्थ किती स्पष्ट सांगितला यावर जास्त अवलंबून असते.

आमच्या शीटमध्ये ‘शिल्लक तास’ असा एक रकाना होता. काम संपलेले लोक त्यात ० लिहीत असत, आणि ज्यांनी अंदाज बांधलेला नसे त्यांच्यापैकी काही जण तो रिकामा सोडत, तर काही जण ‘सध्या माहीत नाही’ या अर्थाने तेथेही ० लिहीत. AVERAGE हे सूत्र रिकामा चौकोन मोजत नाही, पण ० मोजते. तिघांनी ६, ८ आणि १० लिहिले व चौथ्याने चौकोन रिकामा ठेवला, तर सरासरी ८ येते. त्याच चौथ्याने ० लिहिले, तर ती ६ होते. शीट पाहून ही चूक कळत नाही, कारण दोन्ही आकडे पटण्यासारखेच असतात. म्हणून मी आता मेसेजमध्येच लिहिते: ‘काम संपले असल्यास ०, अंदाज नसल्यास चौकोन रिकामा ठेवून शेऱ्यात कारण द्यावे.’

लिंक देताना आधी तीच लिंक खासगी विंडोमध्ये उघडून पाहावी. तेथे लॉगिनची मागणी आली, तर शीट सर्वांसाठी खुली नाही असे समजावे आणि Share मध्ये प्रत्येकाचा पत्ता Editor म्हणून जोडलेला आहे ना, हे तपासावे. Viewer असलेल्याला शीट दिसते, पण भरता येत नाही. चौकोनावर उजवी क्लिक करून View more cell actions मधून Get link to this cell घेतल्यास शीट थेट तेथेच उघडते. मात्र अशा लिंकच्या शेवटी `range=B7` असा पत्ता असतो, व्यक्तीचे नाव नसते. ओळींचा क्रम बदलला की ती दुसऱ्याच्याच ओळीवर नेते. त्यामुळे सर्वांना या आठवड्याच्या पानाच्या पहिल्या ओळीची लिंक द्यावी.

मुदत लिहिताना ‘गुरुवारी रात्री १२’ असे कधीही लिहू नये, कारण ती बुधवारनंतरची रात्र की गुरुवारनंतरची, हा घोळ होतोच. माझा मेसेज असा असतो:

‘शीट (लिंक) गुरुवारी सायंकाळी ५:३० पर्यंत भरावी. फक्त आपल्या नावाच्या ओळीतील “शिल्लक तास” आणि “शेरा” हे दोन रकाने भरावेत. ५:३० नंतर बेरीज घेतली जाईल आणि पान बंद होईल. उशिरा आलेली नोंद पुढच्या आठवड्यात धरली जाईल.’

पान खरोखरच बंद करावे; त्यासाठी Data मधील Protect sheets and ranges वापरता येते. एकदा जरी मुदतीनंतरचा बदल मोजणीत घेतला, तरी पुढच्या वेळी ती वेळ कोणी पाळत नाही, असा माझा अनुभव आहे.