आजच्या यादीवर कालची परीक्षा: बुडालेले शेअर्स हिशेबात कुठे गेले?

प्रश्न: आज निफ्टी ५० मध्ये असलेल्या पन्नास कंपन्यांचे २०१४ पासूनचे भाव मी स्प्रेडशीटमध्ये घेतले. नियम साधा ठेवला: शेअर वर्षभराच्या उच्चांकापासून ३० टक्के पडला की घ्यायचा आणि बरोबर एका वर्षाने विकायचा. इंडेक्स फंडापेक्षा परतावा खूपच जास्त दिसतोय, आणि पडलेला जवळजवळ प्रत्येक शेअर सावरलेला दिसतो. मोठ्याच कंपन्या असल्यामुळे धोकाही कमी वाटतो. इंडेक्स फंडातली निम्मी रक्कम या पद्धतीकडे वळवू का?

उत्तर: सध्या वळवू नका. तुमच्या नियमात मुळातच काही वावगं आहे असं माझं म्हणणं नाही. अडचण यादीची आहे. तुम्ही परीक्षा घेतली २०१४ पासूनची, पण परीक्षेला बसवले फक्त आज उत्तीर्ण म्हणून माहीत असलेले विद्यार्थी. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. पडलेले शेअर्स घेण्याच्या पद्धतीत तो सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

येस बँकेचं उदाहरण घेऊ, कारण तुमचा नियम तिला तंतोतंत लागू पडतो. ही बँक मार्च २०१५ मध्ये निफ्टी ५० मध्ये आली. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. २१ सप्टेंबर २०१८ ला, बँकेच्या प्रमुखांची मुदत रिझर्व्ह बँकेने कमी केल्याची बातमी आल्यावर, तो एकाच दिवसात पाव भागाहून जास्त कोसळला आणि २२७ रुपयांच्या आसपास बंद झाला. म्हणजे उच्चांकापासून ३० टक्क्यांची तुमची रेषा त्याच दिवशी ओलांडली गेली. नियमाप्रमाणे तुम्ही शेअर घेतला असता. एका वर्षाने, सप्टेंबर २०१९ मध्ये, भाव साठ रुपयांच्या खाली होता. जवळपास तीन चतुर्थांश भांडवल गेलं. आणि त्या दिवशीही शेअर वर्षाच्या उच्चांकापासून ३० टक्क्यांहून कितीतरी खाली होता, त्यामुळे नियमाने पुन्हा खरेदीच सांगितली असती. पुढच्या सप्टेंबरपर्यंत उरलेल्यातलेही साधारण तीन चतुर्थांश गेले असते. सुरुवातीच्या १०० रुपयांचे सहा-सात रुपये.

यात आणखी एक गोष्ट आहे जी कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दिसत नाही. मार्च २०२० मधल्या पुनर्रचनेत, १०० पेक्षा जास्त शेअर्स असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर्स तीन वर्षांसाठी गोठवले गेले. तुमचा नियम म्हणेल 'वर्षाने विक', पण विकायला शेअर्स मोकळे नव्हते. त्याच महिन्यात बँक निफ्टी ५० मधून बाहेर गेली आणि तिच्या जागी श्री सिमेंट आली.

आता तुमच्या फाइलमध्ये शोधा, येस बँक सापडणार नाही. तिचे भाव मिळत नाहीत असं नाही. शेअर आजही बाजारात आहे, जुने भाव फुकट उतरवता येतात. ती फक्त आजच्या यादीत नाही, म्हणून तुमच्या परीक्षेत तिची एकही खरेदी झाली नाही. 'पडलेला जवळजवळ प्रत्येक शेअर सावरला' असं तुम्हाला दिसलं, ते यामुळेच. जो सावरला नाही, त्याचं बाजारमूल्य घटलं, तो यादीतून गेला, आणि त्याचा तोटाही त्याच्याबरोबर तुमच्या हिशेबातून गेला.

काही कंपन्यांच्या बाबतीत तर भावांचा इतिहाससुद्धा सहज हाती लागत नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाल्यावर तिला निफ्टीतून काढून तिच्या जागी रिलायन्स कॅपिटल घेतली. पुढे रिलायन्स कॅपिटलची दिवाळखोरीची प्रक्रिया झाली आणि भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही. बुडालेल्याची जागा घेणारीही बुडाली, आणि आजच्या यादीवर चालवलेल्या परीक्षेत दोघींचा मागमूस नाही.

ही गळती आकड्यांत किती फरक करते, ते पाहा. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, त्या-त्या वेळच्या खऱ्या यादीवर नियम चालवला तर खरेदीचे १०० प्रसंग येतात. त्यातले ८५ आजही यादीत असलेल्या कंपन्यांचे, आणि त्यांवर वर्षाला सरासरी १८ टक्के नफा. उरलेले १५ नंतर बाहेर गेलेल्यांचे, त्यांवर सरासरी ३५ टक्के तोटा. सगळ्यांची सरासरी काढली तर येते साधारण १० टक्के. तुमच्या फाइलला ते १५ प्रसंग दिसतच नाहीत, त्यामुळे ती १८ दाखवते. शंभरातले पंधरा व्यवहार नजरेआड झाले आणि परतावा जवळजवळ दुप्पट दिसू लागला.

दुसरी गळती यादीत शिरण्याच्या बाजूने होते, आणि ती लोकांच्या लक्षात कमी येते. बजाज फायनान्स निफ्टी ५० मध्ये आली सप्टेंबर २०१७ मध्ये. तोपर्यंत तो शेअर २०१४ च्या सुरुवातीच्या भावापेक्षा दहापटीच्या आसपास गेलेला होता. ट्रेंट आली सप्टेंबर २०२४ मध्ये, तीही कित्येक पट वाढून. मोठी झाली म्हणून कंपनी यादीत येते, आधी येऊन मग मोठी होते असं नाही. तुमची फाइल मात्र या दोघींना २०१४ पासूनच यादीत धरते. 'मी फक्त निफ्टीतल्या मोठ्या कंपन्याच घेणार' असा नियम त्या वेळी पाळणाऱ्या माणसाला त्या वाढीतलं काहीच मिळालं नसतं. चढते शेअर्स पकडणाऱ्या मोमेंटमच्या पद्धतीत मुख्यतः ही दुसरी गळती आकडे फुगवते. तुमच्या पद्धतीत दोन्ही आहेत.

आणि कृपया, खात्री वाढावी म्हणून २०१४ ऐवजी २००४ पर्यंत मागे जाऊ नका. एरवी लांबचा इतिहास चांगला, पण इथे जितकं मागे जाल तितकी आजची यादी त्या वेळच्या यादीपासून दूर जाते आणि चूक वाढतच जाते.

तुमच्या फाइलमध्ये ही चूक किती मोठी आहे हे तुम्ही एका संध्याकाळी तपासू शकता. नियम बाजूला ठेवा. आजचे पन्नास शेअर्स २०१४ मध्ये (जे तेव्हा बाजारात नव्हते ते आले तेव्हापासून) सारख्या रकमेने घेतले आणि काहीही न करता धरून ठेवले, असं समजून परतावा काढा. तो निफ्टी५० इक्वल वेट या निर्देशांकाच्या त्याच काळातल्या टीआरआय आकड्याशी ताडून पाहा. टीआरआय म्हणजे लाभांश धरून काढलेला आकडा, तेव्हा तुमच्या बाजूनेही लाभांश धरा. तो निर्देशांक सारख्याच वजनाचा आहे, पण त्यात त्या-त्या वेळी यादीत असलेल्या कंपन्याच मोजल्या गेल्या आहेत, येस बँकेसकट. तुमच्या 'काहीही न करणाऱ्या' पन्नास शेअर्सचा परतावा त्यापेक्षा जितका जास्त येईल, त्यातला बहुतेक भाग आज यादी माहीत असल्याची बक्षिसी आहे. त्यात कुणाचंही कौशल्य नाही. तुमच्या नियमाला श्रेय द्यायचं तर त्याने या पन्नासांच्या परताव्याच्या वर काय मिळवलं तेवढ्याचंच. माझा अंदाज आहे की तिथे तुमची आघाडी बरीचशी विरघळेल.

यानंतरही हुरूप असेल तर परीक्षा नीट घ्या. निफ्टीची यादी वर्षातून दोनदा तपासली जाते आणि बदल साधारणपणे मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. मधेच काही घडलं तर वेगळा बदल होतो. प्रत्येक बदलाचं प्रसिद्धिपत्रक निघतं. त्यावरून तीन रकान्यांचा तक्ता करा: कंपनी, आत आल्याची तारीख, बाहेर गेल्याची तारीख. खरेदीच्या दिवशी कंपनी या दोन तारखांच्या मध्ये असेल तरच खरेदी मोजा. घेतल्यानंतर ती यादीतून गेली तरी व्यवहार पुसू नका, वर्ष पूर्ण होईपर्यंत तिचे भाव ओढा.

इथे उलट्या बाजूचीही काळजी घ्या. यादीतून गेलेली प्रत्येक कंपनी बुडालेली नसते. एचडीएफसी जुलै २०२३ मध्ये गेली ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली म्हणून, आणि भागधारकांना २५ शेअर्समागे बँकेचे ४२ मिळाले. टाटा पॉवर २०१७ मध्ये बाहेर गेली आणि काही वर्षांनी कित्येक पट वाढली. तेव्हा गेलेल्यांना सरसकट शून्य धरलंत तर तुमच्या नियमावर अन्याय होईल. प्रत्येकीचं पुढे काय झालं ते हाताने बघावं लागेल. काम कंटाळवाणं आहे, पण निम्मी पुंजी हलवण्याआधी ते व्हायलाच हवं.

तुम्ही म्हणता, मोठ्या कंपन्या असल्यामुळे धोका कमी वाटतो. आजच्या विजेत्या कंपन्या घेऊन मागे पाहिलं तर बहुतेक सगळ्या कधी ना कधी ३०-४० टक्के पडलेल्या आणि सावरलेल्या दिसतील. तुम्हाला उत्तर हवं आहे ते दुसऱ्या दिशेने: त्या दिवशी ३० टक्के पडलेल्या सगळ्या कंपन्यांपैकी किती सावरल्या? खरेदी करताना तुम्ही त्याच बाजूला उभे असता. वरचा तक्ता याचंच उत्तर देईल.

निर्णयाचं म्हणाल तर तुमचा इंडेक्स फंड ही गळती झेलूनच चालतो. येस बँकेचा तोटाही त्याने सोसला आणि बजाज फायनान्सची २०१७ नंतरचीच वाढ त्याला मिळाली. म्हणून त्याचा आकडा कमी दिसतो, पण तो कुणाला तरी खरोखर मिळालेला आहे. शिवाय तुमच्या नियमात दर वर्षी विक्री आहे. खरेदीला बारा महिने पूर्ण व्हायच्या आत विकलंत तर आजच्या नियमाने नफ्यावर २० टक्के कर, त्यामुळे 'बरोबर एक वर्ष' ऐवजी निदान वर्ष उलटून काही दिवस धरा. नंतरच्या विक्रीवरही सवलतीच्या मर्यादेपुढे १२.५ टक्के लागतो. फंडात हा कर तुम्ही युनिट्स विकेपर्यंत लागत नाही.

तक्त्यावरची परीक्षा कर आणि खर्च वजा करून इक्वल वेट टीआरआयच्या वर राहिली, आणि ती आघाडी एक-दोन शेअर्सवर उभी नसेल, तर एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम घालून सुरुवात करायला माझी हरकत नाही. एका शेअरमध्ये त्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको, आणि तोट्यात विकलेला शेअर नियमाने पुन्हा मागितला तरी दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. इंडेक्स फंडातली रक्कम तोपर्यंत आहे तिथेच राहू द्या.