तळ्यावरचा बर्फ: दुप्पट जाडीला चौपट वेळ

सुरुवातीला मीही बर्फ जमायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या सरळ प्रमाणात धरून फसलो होतो. गोठताना सुटणारी उष्णता आधीच जमलेल्या बर्फातून वर जाते, म्हणून थर जाडावला की वाढ मंदावते. थरातलं तापमान सरळ रेषेत बदलतं असं धर:

`t = ρLs²/(2kΔT)`

इथे t म्हणजे वेळ, ρ बर्फाची घनता, L गोठताना सुटणारी सुप्त उष्णता, s थराची जाडी, k उष्णतावाहकता आणि ΔT थराच्या वरच्या-खालच्या तापमानातला फरक.

पृष्ठभाग उणे १० अंश, खाली शून्य अंशाचं पाणी: १० सेंटिमीटरला सुमारे १९ तास, पहिल्या ५ सेंटिमीटरला जेमतेम ५.

दोन चुका टाळ:

- k बर्फाचा घे, २.२ वॅट प्रति मीटर-केल्विन; पाण्याचा ०.६ घेतलास तर उत्तर जवळपास चौपट येईल.
- ΔT साठी हवेचं नव्हे, बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान घे. वर भुसभुशीत हिम असेल तर हवेचं तापमान घेऊन हे सूत्र फारच लवकरची वेळ सांगेल.

वाऱ्याचा हिशेब नंतर.