गूगलचा पासवर्ड नवा मिळतो, मग बॅकअपचा का नाही?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. जुन्या अँड्रॉइड फोनचा डिस्प्ले फुटला म्हणून नवा घेतला, सिम टाकलं. गूगलचा पासवर्ड विसरलो होतो, तो ओटीपीवर दोन मिनिटांत बदलून मिळाला. पण व्हॉट्सॲप बॅकअपचा पासवर्ड मागतंय आणि तो कुणीच बदलून देत नाही. तीन वर्षांच्या ऑर्डरी त्यात आहेत. एन्क्रिप्शन तर गूगलकडेही असतं ना? मग हा फरक कशाचा?

उत्तर: मालक, आधी अंदाजाने पासवर्ड टाकणं थांबवा. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते आणि ती ओलांडली की किल्ली कायमची बंद होते. दुसरं, नव्या फोनवर बॅकअप नाकारून पुढे जाऊ नका. तसं केलंत आणि रात्री नवा बॅकअप चढला, तर ड्राइव्हवरच्या जुन्याची जागा तो रिकामा बॅकअप घेईल. आणि जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप काढून टाकू नका, आपलं काम त्यातूनच होणार आहे.

आता फरक. गूगलच्या डिस्कवर तुमच्या मेल, फोटो, फाइली कुलूपबंदच असतात, पण त्या कुलपाची किल्ली गूगलकडे असते. गोदामातून कुणी डिस्कच पळवली तर त्याच्या हाती काही लागू नये, एवढ्यासाठी ते कुलूप. तुमचा पासवर्ड ही त्या कुलपाची किल्ली नव्हेच. तो फक्त दारातल्या वॉचमनला पटवतो की मालक आलेत. पासवर्ड विसरलात तर ओटीपी दाखवून ओळख पटते आणि वॉचमन स्वतःच्या किल्लीने दार उघडतो. माल जागच्या जागी असतो. ह्याची दुसरी बाजू अशी, की कंपनीने ठरवलं किंवा कोर्टाचा आदेश आला, तरीही ते दार उघडतं.

तुमचा व्हॉट्सॲप बॅकअप मात्र एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. इथे तुम्ही त्या गोदामात स्वतःची पेटी ठेवलीय, आणि तिला कुलूप तुमच्या फोनने घातलंय. गूगलने तुम्हाला गोदामात सोडलं, बॅकअप दिसलाही, पण पेटीची किल्ली गूगलकडे नाही आणि व्हॉट्सॲपकडेही वाचता येईल अशी नाही. 2021 मध्ये ही सोय आली तेव्हा दोन मार्ग होते. एकात 64 अक्षरी किल्ली तुम्हीच लिहून ठेवायची, ती हरवली तर विषय संपला. दुसऱ्यात किल्ली एका खास हार्डवेअर तिजोरीत राहते आणि तुमचा पासवर्ड ती तिजोरी उघडतो. प्रयत्न मोजते ती हीच तिजोरी. इथे ओळख पटवून उपयोग नाही, कारण ओळख पटल्यावर किल्ली काढून देणारा माणूसच पलीकडे नाही.

बरेच जण इथे आणखी एक घोळ घालतात. व्हॉट्सॲपच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन वेगळा. तो विसरला तर आधी दिलेल्या ईमेलवरून बदलता येतो, कारण तो दारातला प्रश्न आहे, पेटीचा नाही. पिन बदलून मिळाला म्हणून बॅकअप उघडेल अशी आशा धरू नका.

आता तुमची सुटका. डिस्प्ले फुटलाय, फोन मेला नाही. नवी पेठेत डिस्प्ले बदलून घ्या आणि दुकानदाराला बजावून सांगा की फोन रीसेट करायचा नाही. मग सिम परत जुन्या फोनमध्ये घाला. नंबर आता ह्या फोनवर नोंदलेला नाही असं व्हॉट्सॲप म्हणेल. ओटीपी देऊन पुन्हा नोंदवा, फोनमधल्या चॅट तशाच दिसायला हव्यात. मग इथे जा:

```
Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup
```

तिथे पासवर्ड बदलताना जुना विसरल्याचाही पर्याय येतो. फोनचं लॉक किंवा बोटाचा ठसा मागतो आणि नवा पासवर्ड घेतो. कंपनी जे करू शकत नाही ते हा फोन करू शकतो, कारण चॅट उघड्या स्वरूपात ह्याच फोनमध्ये आहेत. नवा पासवर्ड लगेच ऑर्डरच्या वहीत लिहा, ताजा बॅकअप पूर्ण चढेपर्यंत थांबा, आणि मगच सिम नव्या फोनमध्ये टाका.

फोन मुळातच गेला असेल तर? गेल्या वर्षी चादरीवाल्या एका मित्राचा फोन पाण्यात पडून बोर्ड जळला आणि पासवर्ड कुणालाच आठवेना. बॅकअप आम्ही उघडू शकलो नाही. पण एंड-टू-एंडला दुसरंही टोक असतंच: गिऱ्हाइकाचा फोन. त्याने नेहमीच्या आठ-दहा व्यापाऱ्यांना फोन लावला आणि त्यांच्याकडून `Export chat` करून प्रत्येकाचं संभाषण मागवलं. सात जणांनी पाठवलं. एकाची चार लाखांची उधारी त्यातच सापडली, आठव्याने मात्र चॅट कधीच पुसून टाकल्या होत्या.