आरबीडीचा अनोव्हा R मध्ये करताना: आधी Df चा स्तंभ वाचा

प्रश्न: गव्हावर नत्राच्या ५ मात्रा आणि ४ रेप्लिकेशन असा आरबीडी प्रयोग आहे. R मध्ये aov() चालवले तर येणारा तक्ता आमच्या कॉलेजच्या एक्सेल शीटशी जुळत नाही. माझे कुठे चुकते? आणि पॅकेज कोणते वापरावे?

उत्तर: तुम्ही तक्ता दिलेला नाही, तरीही सांगते की त्यात नत्रासमोर `Df` १ दिसत असणार, ब्लॉकसमोरही १ दिसत असणार आणि `Residuals` समोर १७ असणार. तिथे अनुक्रमे ४, ३ आणि १२ हवेत. हे मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण नेमका हाच तक्ता छापून मी एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला गेले होते.

माझाही प्रयोग गव्हाचाच होता. नत्र ०, ४०, ८०, १२० आणि १६० किलो प्रति हेक्टर, स्फुरद व पालाश सर्वांना सारखे, आणि चार ब्लॉक. शेत उताराचे होते. वरच्या कडेला हलकी, मुरमाड जमीन आणि खाली नाल्याकडे खोल काळी. म्हणून ब्लॉक उताराला आडवे आखले, जेणेकरून एका ब्लॉकमधल्या पाचही वाफ्यांना साधारण एकसारखी जमीन मिळावी, आणि प्रत्येक ब्लॉकसाठी स्टीलच्या डब्यातून पाच चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. चिठ्ठ्यांची ही गोष्ट पुढे लागणार आहे. उत्पादन क्विंटल प्रति हेक्टरमध्ये, पूर्णांकात आणून, असे होते:

```
N      I   II  III   IV   mean
0     19   18   19   22   19.5
40    21   27   28   28   26.0
80    30   27   34   37   32.0
120   33   38   37   36   36.0
160   30   35   36   39   35.0
```

फाईलमध्ये मी ब्लॉक १, २, ३, ४ असे आणि नत्र ०, ४०, ८० असे आकड्यांतच भरले, `aov(yield ~ block + N)` चालवले आणि हे मिळाले (p चा स्तंभ गाळला आहे):

```
           Df Sum Sq Mean Sq F value
block       1   92.2    92.2   10.07
N           1  672.4   672.4   73.44
Residuals  17  155.6     9.2
```

नत्राचा F ७३ आला, पुढे तीन तारे आले, मार्गदर्शक सर खूश झाले आणि मीही झाले. परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षक मॅडमनी प्रबंध उघडला, तक्त्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारले, "ट्रीटमेंट किती?" पाच. "रेप्लिकेशन?" चार. "मग एररचे डीएफ सतरा कुठून आले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पाचातून एक वजा चार, चारातून एक वजा तीन, चार गुणिले तीन बारा हा हिशेब बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून मला तोंडपाठ होता. केवळ संगणकाने काढलेला तक्ता म्हणून तो ताडून पाहावा असे मला सुचले नाही.

आता नेमके काय होते ते सांगते. R ला स्तंभात आकडे दिसले की ते त्यांना मोजमाप समजते, नाव समजत नाही. त्यामुळे पाच मात्रांच्या पाच सरासरी काढण्याऐवजी ते त्यांतून एक सरळ रेषा काढते, आणि सरळ रेषेला एकच डीएफ लागतो. उत्पादन १२० किलोनंतर वाढत नाही, उलट किंचित खाली येते. ही वक्रता रेषेत मावत नाही, म्हणून ती एररमध्ये जाऊन पडते. वरच्या १५५.६ मध्ये खरी एरर फक्त ६४ आहे आणि जवळजवळ ९१ हा नत्राचाच प्रभाव आहे, जो चुकीच्या खात्यात जमा झाला. फसवणूक अशी की F कमी होण्याऐवजी दुपटीने मोठा दिसतो, कारण वरची बेरीज चारऐवजी एकाने भागली जाते. कोणतीही चूक दाखवणारा संदेश पडद्यावर येत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे:

```r
d$block <- factor(d$block)
d$N     <- factor(d$N)
m <- aov(yield ~ block + N, data = d)
summary(m)
```

```
           Df Sum Sq Mean Sq F value
block       3   93.0   31.00    5.81
N           4  763.2  190.80   35.78
Residuals  12   64.0    5.33
```

मात्रांना तुम्ही टी१, टी२ अशी नावे दिली असतील, तर R त्यांना आपोआप गट मानते आणि चूक फक्त ब्लॉकमध्ये उरते. तेव्हा एररचे डीएफ १४ दिसतात. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण नत्रासमोर ४ बरोबर दिसतो आणि नजर पुढे सरकते. म्हणून F कडे पाहण्याआधी एररचा डीएफ बोटांवर मोजून ताडावा.

पॅकेजविषयी माझे मत सरळ आहे: पॅकेजने काहीही फरक पडत नाही. अनोव्हा R च्या मूळ संचातच आहे. सीडी हवी असेल तर `agricolae` मधले `LSD.test(m, "N")` सोयीचे आहे, पण ती एका ओळीतही निघते:

```r
qt(0.975, 12) * sqrt(2 * 5.333 / 4)   # 3.56
```

खरा वाद या ३.५६ वरून झाला आणि तो माझ्या मनात अजून मिटलेला नाही. दुरुस्त तक्ता घेऊन मी सरांकडे गेले. ८० किलोची सरासरी ३२ आणि १२० किलोची ३६, म्हणजे फरक ४ क्विंटलचा; तो सीडीपेक्षा जास्त, म्हणून १२० किलो सरस ठरत होते. सरांनी मात्र आधीच्या काही वर्षांच्या प्रयोगांवरून ८० आणि १२० 'अ‍ॅट पार' आहेत असे लिहून ठेवले होते. त्यांनी सुचवले की ब्लॉक काढून टाक, सीआरडी धर, एररला १५ डीएफ मिळतील आणि डीएफ जास्त असणे केव्हाही चांगलेच. मी तसे करून पाहिले. ब्लॉकचे ९३ एररमध्ये मिसळले, एररची बेरीज १५७ झाली, वर्गमध्य ५.३३ वरून १०.४७ वर गेला आणि सीडी ४.८८ झाली. चार क्विंटलचा फरक त्यात बुडाला आणि ८० व १२० पुन्हा अ‍ॅट पार झाले!

तीन डीएफ वाचवून मिळते काय, तर ५ टक्के पातळीवरचा टी २.१८ वरून २.१३ होतो, एवढेच. त्याच्या बदल्यात वरच्या मुरमाड पट्ट्याची सरासरी २६.६ आणि नाल्याकडच्या पट्ट्याची ३२.४ हा सुमारे सहा क्विंटलचा जमिनीचा फरक तुम्ही खताच्या माथी मारता. पण माझा मुख्य आक्षेप आकड्यांचा नव्हता. चिठ्ठ्या मी ब्लॉकनिहाय काढल्या होत्या; वीस वाफ्यांसाठी वीस चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढल्या असत्या, तर तो सीआरडी झाला असता. शेतात जे यादृच्छिकीकरण केले, त्यानेच विश्लेषणाचे सूत्र ठरते. ते टेबलावर बसून बदलता येत नाही. रोदॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना फिशर यांनी ब्लॉकची मांडणी केली तीच मुळी जमिनीचा हा फरक एररमधून वेगळा काढण्यासाठी. म्हणून ब्लॉकचा F सार्थ आला नाही तरीही ब्लॉक सूत्रात ठेवावा, असे मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. सरांनी शेवटी "तुझा प्रबंध आहे, तुला हवे ते लिही" असे म्हटले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर आमचे बोलणे कामापुरतेच होते.

एक गोष्ट सरांच्या बाजूने सांगायला हवी. ब्लॉक चुकीच्या दिशेने, म्हणजे उताराच्या बाजूने आखले, तर प्रत्येक ब्लॉकमध्ये वरची आणि खालची दोन्ही जमीन येते, ब्लॉकमधून काहीच वेगळे निघत नाही आणि ते तीन डीएफ खरोखर वाया जातात. पण त्यावरचा उपाय पुढच्या हंगामात दोरी नीट लावणे हा आहे. चालू प्रयोगातून ब्लॉक पुसणे हा नव्हे. आणि तुमचा एखादा वाफा जनावरांनी खाल्ला किंवा पाण्याखाली गेला असेल, तर सूत्रात `block` आधी आणि `N` नंतर हा क्रम पाळा, कारण `aov` बेरजा ओळीने काढते. सगळे वाफे शाबूत असताना क्रमाने फरक पडत नाही, एक गेला की पडतो. वरची एका ओळीची सीडीही तेव्हा लागू राहत नाही.

शेवटी एक कबुली द्यायला हवी, जी मला प्रबंध जमा केल्यावर कळली. सर आणि मी ८० की १२० यावर भांडत होतो, पण नत्राच्या मात्रा ही नावे नाहीतच, त्या संख्या आहेत. त्यांना संख्या मानणे ही माझी मूळ चूक नव्हती. त्यांच्यावर नुसती सरळ रेषा बसवणे आणि ब्लॉकलाही संख्या मानणे ही चूक होती. अनोव्हाने नत्राचा प्रभाव आहे हे ठरल्यावर पुढचे काम वक्राचे आहे (`x` म्हणजे मात्रांचा तोच स्तंभ, `factor` करण्याआधी वेगळा जपून ठेवलेला):

```r
lm(yield ~ block + x + I(x^2), data = d)
```

माझ्या आकड्यांवर हा वक्र चांगला बसतो. तो वजा केल्यावर मात्रांमध्ये जे उरते ते एररहूनही लहान आहे. त्याचे शिखर सुमारे १४८ किलोला येते. मात्र १२० वरून १४८ वर जाताना मिळतो तो जेमतेम अर्धा क्विंटल गहू, आणि तो २८ किलो नत्राच्या खर्चात परवडतो का, हे युरियाच्या आणि गव्हाच्या भावावरून काढावे लागते. सीडीच्या तक्त्यात ते कुठेच नसते. ८० ते १२० या टप्प्यात मात्र हाच वक्र जवळजवळ तीन क्विंटलची वाढ दाखवतो, त्यामुळे अ‍ॅट पार हा शब्द मला आजही मान्य नाही.